दुसऱ्यांच्या मुलांना प्रश्न विचारण्याआधी

शाळेचा प्रकल्प घरी आला की घराचं काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री जेवणं उरकतात, ओटा आवरून होतो, उद्याच्या डब्याची भाजी निवडायला घ्यावी तर लेकरू वही घेऊन उभं असतं. “आई, मुख्याध्यापिका बाईंना पत्र द्यायचंय. उद्याच. परवानगीचं. तू लिहून देतेस का?”

आणि आपण लिहून देतो. पाच मिनिटांत होणारं काम, मुलांना सांगत बसलं तर तासभर जाणार, आणि सकाळी सहाला उठायचं असतं. शाळेत कुणी ओळखीचं असेल तर फोनही करून टाकतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पोरांचं काम अडू नये, एवढंच मनात असतं.

माझी लेक नववीत आहे. यंदा ती आणि तिची मैत्रीण राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प करताहेत. 1993 पासून चालत आलेला हा उपक्रम 10 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी असतो. मुलांनी आपल्या आजूबाजूचा एखादा प्रश्न घ्यायचा, मार्गदर्शक शिक्षकांच्या मदतीने माहिती गोळा करायची आणि अहवाल लिहायचा. या दोघींनी विषय घेतला : शाळेच्या वेळात मुलं पाणी किती पितात, आणि कमी पीत असतील तर का. त्यासाठी शाळेतल्याच मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती, आणि त्यासाठी परवानगी हवी होती.

त्या एका पत्रामागे इतकं काही दडलेलं असेल याची मला कल्पना नव्हती. म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं. आठवीपासून पुढे कधी ना कधी प्रत्येक घरात असा सर्वेक्षणाचा प्रकल्प येतोच. पुढे बारावीनंतर मुलं दुसऱ्याच शाळेत जाऊन माहिती गोळा करू लागतात, तेव्हाही हेच पत्र लागतं.

लेकीने पहिल्यांदा लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेल्या नमुन्याचं होतं. ‘वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, आम्हांस सर्वेक्षण करण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.’ भाषा शुद्ध, अक्षर सुरेख. पण मुख्याध्यापिकांना जे कळायला हवं, त्यातलं एकही अक्षर त्यात नव्हतं.

मी तिला म्हटलं, “तू क्षणभर बाई हो. तुझ्या टेबलावर हे पत्र आलं. तुला काय विचारावंसं वाटेल?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “कुठल्या वर्गाचा तास जाणार?”

अगदी पहिला प्रश्न तोच असतो. आपण पालक आपल्या एका मुलाचा विचार करतो. मुख्याध्यापिका बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र ज्यांचा या प्रकल्पाशी काही संबंध नाही अशी सगळी मुलं असतात. त्यांचा वेळ, त्यांची लाज, त्यांचे पालक. त्या ‘थांबा’ म्हणतात तेव्हा आपल्या पोराला आडव्या येत नाहीत, त्या इतर पोरांची बाजू धरून बसलेल्या असतात. एवढं ध्यानात आलं की पत्रात काय लिहायचं ते आपोआप सुचत जातं.

आधी वेळेचं बघू. लेकीच्या यादीत सुरुवातीला पंचवीस प्रश्न होते. घरी फिल्टर आहे का, बाबा काय काम करतात, वजन किती, उंची किती, आवडतं सरबत कोणतं. उत्साहाच्या भरात मुलं असंच करतात. मी एकच विचारत गेले : या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुम्ही त्याचं काय करणार? वडिलांच्या कामाचा या विषयाशी संबंध लावता येईना, तो प्रश्न गेला. वजनाचा प्रश्न तर मलाच टोचला. वर्गात एखाद्या गुबगुबीत पोराला वजन लिहायला लावायचं, आणि शेजारच्याने वाकून बघायचं, नकोच ते. गाळत गाळत मोजकेच प्रश्न उरले.

मग त्या दोघींनी आमच्या इमारतीतल्या चार-पाच मुलांना खाली कट्ट्यावर बसवून ते भरायला लावले आणि घड्याळ लावलं. मोठी मुलं पटकन उठली, सहावीतल्या मुलाला दहा मिनिटं लागली. कागद वाटणं, सूचना सांगणं आणि गोळा करणं धरून पंधरा मिनिटं. वर्गात 45 मुलं धरली आणि दोन वर्ग घेतले, तर नव्वद मुलांची प्रत्येकी पंधरा मिनिटं. लेकीने कागदावर गुणाकार केला : 1350 मिनिटं, म्हणजे साडेबावीस तास. सगळ्यांचा मिळून एवढा वेळ आपण मागतोय हे दिसल्यावर तिने आपणहून आणखी एका प्रश्नाकडे संशयाने पाहिलं.

तुमच्याकडे असा प्रकल्प आला तर ही कट्ट्यावरची तालीम मुलांना जरूर करू द्या. वेळ तर कळतोच, पण प्रश्न कुठे फसतो तेही कळतं. आमच्याकडे पहिलाच प्रश्न फसला. ‘शाळेत तू दिवसाला किती लिटर पाणी पितोस?’ एकाने ठोकून दिलं, दोन लिटर. त्याची बाटली अर्ध्या लिटरची आणि शाळा पाच तासांची. मुलांना लिटरचा अंदाज नसतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नसतो. मग प्रश्न बदलला : काल शाळेतून घरी जाताना बाटलीत किती पाणी उरलं होतं? आणि खाली बाटलीची चार चित्रं : भरलेली, अर्धी, पाव, रिकामी. ज्याने त्याने आपल्या बाटलीसारख्या चित्रावर खूण करायची.

या नव्या प्रश्नाचा आणखी एक फायदा झाला. ‘पितोस की पितेस’ ही भानगडच उरली नाही. तोच कागद मुलालाही आणि मुलीलाही चालला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कट्ट्यावरच्या एका छोट्या मुलीने रिकाम्या बाटलीवर खूण केली आणि हळूच विचारलं, “ताई, ओतून दिलं असेल तर?” म्हणजे? “घरी पाणी उरलं की आई रागावते. म्हणून मी गेटाजवळच्या झाडाला घालते.”

मला ते ऐकून गलबललं. आपण किती काळजीपोटी बाटली तपासतो! उन्हाळा असतो, पोर कोमेजून घरी येतं, आणि आपण दारातच विचारतो, “पाणी का नाही संपवलंस?” त्या विचारण्यात माया असते, पण थकलेल्या पोराला ती रागासारखी ऐकू येते. मग ते आपल्याला रिकामी बाटली दाखवायला शिकतं. पाणी का प्यायलं नाही, हे मात्र त्याच्या पोटातच राहतं.

त्या दिवसापासून मी दारात बाटलीबद्दल विचारत नाही. चहाच्या वेळी शेजारी बसून विचारते, “आज शाळेत नळाला गर्दी होती का गं?” तुम्हीही करून पाहा. कारणं वेगळीच निघतात. नळ लांब असतो. मधल्या सुट्टीत पाणी प्यावं की खेळावं, तर खेळच जिंकतो. तासाला बाहेर जाऊ का असं विचारायची भीती वाटते. आणि बऱ्याच मुली, क्वचित मुलगेही, स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून मुद्दामच घोटभर पाणी पितात.

प्रश्नावलीत म्हणून एक प्रश्न वाढला : काल बाटलीतलं पाणी ओतून टाकलं का? तो असा सरळ, कुणावर आळ न घेता विचारला, तरच खरं उत्तर येणार.

स्वच्छतागृहाची गोष्ट निघाली की मुख्याध्यापिका बाई सावध होतात, आणि ते साहजिकच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे की शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय हवी आणि मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत. तेव्हा या विषयावरची मुलांची उत्तरं शाळेच्या अंगाशी येऊ शकतात, हे बाईंना आपल्याआधी कळतं. लेकीच्या यादीत एक प्रश्न होता : ‘स्वच्छतागृहं घाण असल्यामुळे तू कमी पाणी पितोस का?’ दोघींच्या मार्गदर्शक असलेल्या विज्ञानाच्या बाईंनी त्यावर पेन्सिलने गोल केला होता.

लेक घरी येऊन फणकारली. “खरं आहे ते लिहायचं नाही का?” तिच्या वयाला हा राग शोभतो, आणि मला तो आवडला. पण विज्ञानाच्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. या प्रश्नात उत्तर आधीच सांगून टाकलंय. स्वच्छतागृहं घाण आहेत हे प्रश्न विचारणारीनेच ठरवलं, मुलांनी फक्त मान डोलवायची. शिवाय एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. एखादं मूल कमी पाणी पितं, पण नळावरच्या रांगेमुळे. त्याने हो म्हणायचं की नाही?

मग त्याचे दोन प्रश्न झाले. काल शाळेत असताना स्वच्छतागृहात जाणं झालं का? हो, नाही, सांगायचं नाही. आणि शाळेत पाणी कमी प्यायलं जात असेल तर कशामुळे? खाली सहा-सात कारणं, सगळी सारख्या अक्षरात, आणि शेवटी ‘दुसरं कारण’ म्हणून एक रिकामी ओळ. आता स्वच्छतागृहाचं कारण मुलांना खरंच वाटत असेल तर तेच त्यावर खूण करतील. ती खूण कुणालाही नाकारता येणार नाही, कारण ती सुचवलेली नाही.

पाळीबद्दलही विचारावं असं दोघींच्या मनात होतं. त्या दिवसांत मुली शाळेत पाणी टाळतात, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. मी आणि विज्ञानाच्या बाई, आम्ही दोघींनी त्यावर बराच विचार केला. प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण सहावीच्या वर्गात काही मुलींना पाळी आलेली असते, काहींना नसते, शेजारी मुलगे बसलेले असतात, आणि पंधरा मिनिटांत कागद भरून द्यायचा असतो. एखादी मुलगी त्या प्रश्नाने गांगरली तर तिला जवळ घ्यायला तिथे कुणी नसेल. तो प्रश्न गाळला. ‘दुसरं कारण’ ही ओळ आहेच, ज्या मुलीला लिहावंसं वाटेल ती लिहील. वेगळं, फक्त मुलींशी, एखाद्या विश्वासाच्या बाईंच्या मदतीने बोलायचा विषय आहे तो.

आता नावाचं. मुलांना वाटतं, वरती नाव लिहायची रेघ काढली नाही की झालं. पण इयत्ता, तुकडी, मुलगा की मुलगी, आणि जन्मतारीख एवढं लिहून घेतलं की वर्गातल्या कुणालाही ओळखता येतं. आमच्याकडे जन्मतारीख गेली, हजेरी क्रमांक गेला. इयत्ता आणि मुलगा-मुलगी एवढंच ठेवलं. आणि विज्ञानाच्या बाईंनी आणखी एक नियम घालून दिला : एखाद्या उत्तरापुढे पाचपेक्षा कमी मुलं येत असतील तर तो आकडा अहवालात वेगळा दाखवायचा नाही, इतर कारणांत मिळवायचा. ‘आठवीतल्या दोन मुली’ असं लिहिलं की अख्खा वर्ग त्या दोघी कोण ते शोधायला लागतो.

प्रश्नावली फोनवर का नको, असंही लेकीने विचारलं. टाइप करायचं, लिंक गटावर टाकायची, आकडे आपोआप मोजले जातात. सोपं आहे खरं. पण फोन आपला असतो. मूल उत्तर देताना आई खांद्यावरून बघते, आणि बाटली ओतल्याचं उत्तर तिथे येत नाही. ईमेल पत्ता नकळत नोंदला जाऊ शकतो. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षं पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती सांगितली आहे, त्यामुळे ऑनलाइन फॉर्म म्हटलं की मुख्याध्यापक बिचकतात. कागद, पेन आणि खोक्याला चीर पाडून केलेली पेटी, हेच बरं.

पेटीवरून आठवलं. ज्या मुलाला भरायचंच नाही त्याचं काय? हात वर करून ‘मला नको’ म्हणायला सांगितलं तर कुणीही म्हणणार नाही. म्हणून कागद सगळ्यांना द्यायचा आणि सगळ्यांनी घडी घालून पेटीत टाकायचा. नको असेल त्याने कोराच टाकायचा. कुणाचा कोरा होता हे कुणालाही कळत नाही. आणि तेवढा वेळ वर्गशिक्षकांनी फळ्याजवळच थांबावं, बाकांमधून फिरू नये, अशी विनंती पत्रातच करायची. शिक्षक शेजारी उभे असले की मुलं त्यांना आवडेल ते उत्तर लिहितात.

हे सगळं ठरल्यावर पत्र लिहायला लेकीला जेमतेम अर्धा तास लागला. मी शुद्धलेखन तेवढं पाहिलं. ते असं झालं :

‘प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय : सहावी व आठवीच्या विद्यार्थ्यांकडून पाणी पिण्याच्या सवयींविषयी छोटी प्रश्नावली भरून घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदया, आम्ही दोघी नववीत शिकतो. यंदाच्या बालविज्ञान परिषदेसाठी आम्ही शाळेच्या वेळातल्या पाणी पिण्याच्या सवयींवर प्रकल्प करत आहोत. विज्ञानाच्या बाई आमच्या मार्गदर्शक आहेत आणि त्यांनी प्रश्नावली तपासली आहे.

सहावी आणि आठवीच्या एकेका तुकडीकडून आम्हाला नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायचा आहे. त्याला एकूण पंधरा मिनिटं लागतील. घटक चाचणी झाल्यानंतरच्या आठवड्यात, वर्गशिक्षकांना सोयीच्या तासाला आम्ही हे करू. मधली सुट्टी घेणार नाही.

कागदावर नाव किंवा हजेरी क्रमांक नाही. भरायचं की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचं आहे, आणि ते आम्ही सुरुवातीलाच सांगू. पालकांना आधी चिठ्ठी पाठवू. भरलेले कागद विज्ञानाच्या बाईंच्या कपाटात राहतील आणि प्रकल्प संपल्यावर आम्ही ते फाडून टाकू.

प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर आपल्या शाळेचं नाव असतं, त्यामुळे ही माहिती कोणत्या शाळेतली आहे हे परीक्षकांना कळेल. म्हणून अहवाल पाठवण्याआधी आम्ही तो आपल्याला दाखवू. सोबत प्रश्नावली आणि पालकांसाठीची चिठ्ठी जोडली आहे.’

यातल्या मुखपृष्ठाच्या वाक्याबद्दल थोडं सांगते. लेकीने आधी लिहिलं होतं, ‘शाळेचं नाव कुठेही येणार नाही.’ मोठ्या संशोधनात असं वचन देता येतं. इथे मुलं शाळेचीच म्हणून स्पर्धेत उतरतात, नाव पहिल्याच पानावर असतं. जे पाळता येणार नाही ते वचन द्यायचं नाही, आणि आहे तसं सांगून टाकायचं. मला वाटतं, साऱ्या पत्रात हेच वाक्य सर्वांत जास्त मोलाचं होतं. अहवाल बाईंना आधी दाखवायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं, एखादी गोष्ट चुकीची कळली असेल तर दुरुस्त करायची. आकडे मात्र मुलांनी दिले तसेच ठेवायचे. हेही परवानगी घेतानाच बोलून घेतलेलं बरं, नंतर कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

पत्र हातात घेऊन बाईंच्या खोलीबाहेर उभं राहणं मुलांना जड जातं. लेक आदल्या रात्री नीट जेवली नाही. “तू चल ना माझ्याबरोबर.” माझा पाय निघत होता, खोटं कशाला सांगू. पण आपण गेलो की बाई आपल्याशी बोलतात, आणि मूल भिंतीवरची फोटोंची रांग बघत राहतं. त्याऐवजी घरी एकदा तालीम घ्या. मी बाई झाले आणि विचारलं, “आणि मी नाही म्हटलं तर?” तिने ठरवून ठेवलं होतं, “तर कुठला प्रश्न नको ते सांगाल का?” हे वाक्य तिला तोंडपाठ असल्यामुळे तिची निम्मी भीती गेली.

पत्राच्या दोन प्रती न्यायला मात्र मुलांना आठवणीने सांगा. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर लिपिकांकडून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पत्रं गहाळ होतात, मुख्याध्यापक रजेवर जातात, बदली होते. मग ‘तुम्ही दिलंच नव्हतं’ आणि ‘दिलं होतं’ यात मूल रडकुंडीला येतं. ती शिक्का मारलेली प्रत फाइलला असली की प्रश्न मिटतो. पुढे अहवालालाही तीच जोडता येते.

उत्तर लगेच आलं नाही. मुलं दोन दिवसांत खट्टू होतात, आपणही फोनकडे बघायला लागतो. शाळेत निरीक्षण असतं, चाचण्यांचे पेपर असतात. खासगी संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापकांना कधी संस्थेला विचारावं लागतं. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत बाहेरचं कुणी गेलं तर ‘आधी वरून परवानगी आणा’ असंही सांगतात. म्हणून पत्र हवं त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी जायला हवं. ‘उद्याच द्यायचंय’ असं म्हणत आलेल्या पोराला निदान पुढच्या वेळेसाठी हे सांगून ठेवा.

आमच्या पत्रावर शेवटी निळ्या शाईत शेरा आला : परवानगी आहे, फक्त आठवीसाठी, वर्गशिक्षकांशी बोलून वेळ ठरवावी. सहावी गेली. लेक हिरमुसली, मला वाईट वाटलं. बाईंनी कारणही सांगितलं, सहावीची मुलं शाळेत नवीन आहेत, पालक अजून प्रत्येक चिठ्ठीने घाबरतात. पटण्यासारखं होतं. पण प्रकल्पावर त्याचा परिणाम होतो, आणि तो मुलांनी लपवायचा नाही. आता या कागदांवरून लहान मुलांबद्दल काहीच म्हणता येणार नाही. एका शाळेतल्या एका तुकडीबद्दल म्हणता येईल, तेवढंच अहवालात लिहायचं. मुलांना ‘मुलं पाणी कमी पितात’ असं मोठं वाक्य लिहायची घाई असते. ‘आमच्या आठवीच्या या तुकडीत’ एवढं लिहायला त्यांना शिकवा, त्यात कमीपणा काही नाही.

तसंच पालकांच्या चिठ्ठीचं. बाईंनी सांगितलं, सही करून परत आली तरच त्या मुलाला कागद द्यायचा. योग्यच आहे. पण तुम्हाला-मला ठाऊक आहे त्या चिठ्ठ्यांचं काय होतं ते. दप्तराच्या तळाशी, कंपासखाली चुरगळून पडलेल्या सापडतात, त्याही चार दिवसांनी. ज्यांच्या चिठ्ठ्या परत येतात ती मुलं बहुधा ज्यांचं दप्तर रोज कुणीतरी उघडून बघतं अशी. ज्यांच्याकडे कुणाला बघायला वेळ नाही, ती मुलं सर्वेक्षणातून आपसूक गळतात, आणि कदाचित कमी पाणी पिणारी तीच असतील. म्हणून किती चिठ्ठ्या वाटल्या आणि किती परत आल्या, हे दोन्ही आकडे अहवालात हवेत.

आणि एक दिवस अशी चिठ्ठी आपल्याच मुलाच्या दप्तरात असणार आहे. कुणातरी ताईचा किंवा दादाचा प्रकल्प, खाली सहीची रेघ. आपण काय करतो? गॅसवर दूध, हातात पोळीचं पीठ, “दे इकडे” म्हणून सही. मीही तशाच घाईत असते. पण पत्र लिहिण्याची बाजू पाहिल्यापासून मी आधी दोन गोष्टी बघते : नाव लिहून घेणार आहेत का, आणि नको म्हणायची मोकळीक आहे का. नाव घेणार असतील किंवा मोकळीक नसेल तर वर्गशिक्षकांना दोन ओळींची चिठ्ठी लिहून विचारायला काहीच हरकत नाही. त्यात भांडण नाही, शाळेलाही असे पालक हवेच असतात.

मग सही करण्याआधी मुलाला विचारा, “तुला भरायचंय का हे?” भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2017 मध्ये मुलांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी सूचना केल्या, त्यात सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी असं म्हटलंय, आणि बारा वर्षांपुढे तर ती लेखी घ्यायला सांगितलंय. शाळेच्या छोट्या प्रकल्पाला त्या सूचना लागू नाहीत. पण आपल्या सहीच्या शेजारी मुलाचीही लहानशी सही घ्यायला आपल्याला कोण अडवतं? माझा धाकटा आहे पाचवीत. तो अशी चिठ्ठी घेऊन आला तेव्हा त्याला विचारलं तर म्हणाला, “पण ते कागद बाई वाचणार का?” तो प्रश्न आम्ही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून शाळेत पाठवला. उत्तर आलं, ‘नाही, पेटी फक्त प्रकल्पाचे विद्यार्थी उघडतील.’ ते वाचून त्याने सही केली, वाकडीतिकडी, रेघेच्या बाहेर जाणारी.